इन्स्टाग्रामवर फॉलो, लाइक किंवा कमेंट तात्पुरते बंद होते तेव्हा

नवे इन्स्टाग्राम खाते उघडून दोन-तीन दिवस झालेले असतात. ओळखीच्या माणसांची, नातेवाइकांची, आवडत्या कलाकारांची नावे एकामागून एक समोर येत असतात आणि आपण प्रत्येक नावापुढचे निळे Follow बटण दाबत जातो. मग कधीतरी बटण दाबल्यावर ते राखाडी होऊन Following असे दाखवते, पापणी लवते न लवते तोच पुन्हा निळे होते आणि पडद्यावर एक चौकट उघडते. तिच्यावर मोठ्या अक्षरांत Try Again Later असे असते आणि खाली बहुधा हा मजकूर असतो: We limit how often you can do certain things on Instagram to protect our community. Tell us if you think we made a mistake. याच घटनेला सगळे जण अ‍ॅक्शन ब्लॉक म्हणतात. जुन्या आवृत्त्यांमध्ये चौकटीचा मथळाच Action Blocked असा असे, त्यामुळे हे नाव रुळले.

या ब्लॉकमध्ये खाते बंद झालेले नसते. आपले फोटो, रील, स्टोरी सर्व जागच्या जागी असते, इतरांना ते दिसत असते आणि बहुतेक वेळा आपल्याला नवी पोस्टही टाकता येते. फक्त एक विशिष्ट कृती, म्हणजे फॉलो करणे, लाइक करणे किंवा कमेंट लिहिणे, काही काळासाठी काढून घेतलेली असते. बऱ्याचदा फॉलो बंद असताना लाइक सुरळीत चालते, किंवा कमेंट अडकलेली असताना फॉलो होते, कारण प्रत्येक कृतीचा हिशेब बऱ्याच अंशी वेगळा ठेवला जातो. हे लक्षात घेतले की पुढचे बरेचसे गैरसमज टळतात.

पहिली पायरी: हा खरोखर अ‍ॅक्शन ब्लॉक आहे का, ते पाहा

चौकट उघडली तर प्रश्नच नाही, पण अनेकदा ती उघडत नाही. लाइकचे हृदय लाल होते आणि पान खाली ओढून ताजे केले की पुन्हा पांढरे दिसते. कमेंट लिहिली जाते आणि पोस्ट पुन्हा उघडल्यावर ती तेथे नसते. हादेखील ब्लॉकचाच मूक प्रकार असू शकतो. मात्र तसा निष्कर्ष काढण्याआधी एकदा इंटरनेट जोडणी तपासावी, कारण कमकुवत नेटवर्कवरही हुबेहूब असेच घडते. मोबाइल डेटावरून वाय-फायवर येऊन, एखाद्या निराळ्या खात्यावरची निराळी पोस्ट एकदाच लाइक करून पाहिली, तेवढी तपासणी पुरते.

अडचण एकाच व्यक्तीपुरती असेल, तर तो अ‍ॅक्शन ब्लॉक नव्हे. त्या व्यक्तीने आपल्याला ब्लॉक केलेले असू शकते, आणि तसे असल्यास तिचे खाते शोधूनही सहसा सापडत नाही. अडचण एकाच पोस्टवरच्या कमेंटपुरती असेल, तर पोस्ट टाकणाऱ्याने कमेंट मर्यादित ठेवल्या असण्याची शक्यता अधिक. एका कमेंटमध्ये पाचांपेक्षा जास्त जणांना @ लावून टॅग केले तरी ती कमेंट जात नाही. तो ठरलेला नियम आहे, शिक्षा नाही. Please wait a few minutes before you try again असा निरोप आला, तर तो बहुधा लॉगिन करताना किंवा ब्राउझरमध्ये पान वारंवार ताजे करताना दिसतो, आणि त्याचा अर्थ एवढाच की आपल्याकडून फार थोड्या वेळात फार विनंत्या गेल्या आहेत. तेव्हा खरोखरच थोडा वेळ थांबावे.

फॉलोची एक पक्की कमाल मर्यादाही आहे. एका खात्यावरून जास्तीत जास्त 7,500 खाती फॉलो करता येतात. नवख्या माणसाला तेथवर पोहोचायला बराच काळ लागतो, म्हणून तिचा विचार येथे सोडून देऊ.

ब्लॉक कशामुळे बसतो

सर्वांना हवा असतो तो एक आकडा: दिवसाला किती फॉलो केले तर चालते? इन्स्टाग्राम असा आकडा जाहीर करत नाही, आणि इंटरनेटवर फिरणारे तक्ते वापरकर्त्यांच्या अनुभवांवरून बांधलेले अंदाज असतात. तरीही कंपनीच्या दृष्टीने ‘फार जास्त’ म्हणजे साधारण किती, याची थोडी कल्पना एका जुन्या, अधिकृत नियमावरून येते. बाहेरच्या अ‍ॅपना इन्स्टाग्रामशी जोडून घेण्याची जी जुनी व्यवस्था होती, तीत 2016 च्या सुमारास एका वापरकर्त्याच्या वतीने तासाला जास्तीत जास्त 60 लाइक, 60 कमेंट आणि 60 फॉलो-अनफॉलो करण्याची मुभा होती. अ‍ॅप चाचणीच्या अवस्थेत असेल तर प्रत्येकी 30. ती व्यवस्था 2018 पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली, त्यामुळे आज तासाला साठ सुरक्षित आहेत असे तिच्यावरून मुळीच समजू नये. परंतु दोन गोष्टी तीतून शिकता येतात. मोजणी दिवसाच्या हिशेबाने होत असेल-नसेल, पण तासाच्या हिशेबाने नक्की होत होती. आणि फॉलो व अनफॉलो या दोहोंना मिळून एकच मर्यादा होती. शंभर जणांना फॉलो करून दुसऱ्या दिवशी त्यांतल्या ऐंशींना सोडून देणारा माणूस स्वतःच्या मनात वीसच फॉलो मोजतो, पण तेथे एकशे ऐंशी कृती मोजल्या जातात.

या मोजणीमागे यंत्राने चालवलेली खाती आहेत. एका काळी पैसे भरून आपल्या खात्याचा पासवर्ड एखाद्या सेवेला दिला की ती सेवा दिवसभर आपोआप लोकांना फॉलो करत असे, लाइक देत असे, ‘छान फोटो’ अशा कमेंट टाकत असे, या आशेवर की समोरचे लोक परतफेड म्हणून आपल्याला फॉलो करतील. या सेवांपैकी सर्वांत गाजलेली इन्स्टाग्रेस 2017 मध्ये इन्स्टाग्रामच्या सांगण्यावरून बंद झाली. नोव्हेंबर 2018 मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केले की अशा अ‍ॅपच्या मदतीने मिळवलेले लाइक, फॉलो आणि कमेंट शोधून काढून टाकण्यात येतील आणि असे अ‍ॅप वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलायला सांगणारा निरोप येईल. तेव्हापासून पहारा आहे तो यंत्रासारख्या वागण्यावर. आपण हाडामांसाची माणसे असलो तरी आपले बोट यंत्रासारखे चालू लागले की पहारेकऱ्याला फरक कळत नाही.

यंत्रासारखे म्हणजे कसे, ते थोडे उलगडून पाहू. वेग हे पहिले लक्षण. एखाद्या माणसाचे खाते उघडून, दोन फोटो पाहून मग Follow दाबायला अर्धे-पाऊण मिनिट जाते. सुचवलेल्या नावांच्या यादीत एकाखाली एक बटणे दाबत गेले तर त्याच वेळात पंधरा होतात. नव्या खात्याला इन्स्टाग्राम स्वतःच ही यादी पुढे करते, फोनमधले संपर्क जोडायला सांगते, आणि मग ती यादी वापरण्याच्या वेगावरूनच हटकते, ही थोडी गंमतच म्हणायची. पण यादी पुढे केली म्हणजे ती एका बैठकीत संपवायची परवानगी दिली असे होत नाही.

एकसारखेपणा हे दुसरे लक्षण आहे, आणि माझ्या मते नवख्यांना ते सर्वांत जास्त नडते. ‘खूप सुंदर! आमच्या पेजलाही अवश्य भेट द्या’ हे वाक्य एकदा कॉपी करून वीस पोस्टखाली चिकटवणाऱ्याला आपण विनम्रपणे प्रसिद्धी करत आहोत असे वाटते. यंत्राला मात्र वीस वेळा तंतोतंत तोच मजकूर दिसतो, आणि नेमके हेच बोगस खाती करतात. गणपती किंवा गौरीच्या सजावटीच्या स्पर्धांमध्येही हे घडते. ‘तीन मैत्रिणींना टॅग करा, जितक्या कमेंट तितक्या संधी’ अशी अट असते आणि स्पर्धक एकाच पोस्टखाली तीन-तीन नावांच्या चाळीस कमेंट सलग टाकतात. नावे वेगळी असली तरी आकार तोच, वेग तोच. फक्त हात जोडल्याची किंवा हृदयाची खूण असलेल्या कमेंटही सलग टाकल्या तर एकसारख्याच ठरतात.

तिसरे कारण खात्याचे वय आणि त्याची ओळख. काल उघडलेले, प्रोफाइल फोटो नसलेले, एकही पोस्ट नसलेले, ईमेल किंवा फोन नंबरची खातरजमा न केलेले खाते तासात चाळीस जणांना फॉलो करते, तेव्हा त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. पाच वर्षे जुन्या, रोज वापरात असलेल्या खात्याने एखाद्या दिवशी तेवढेच केले तर सहसा काही होत नाही. म्हणून ‘माझ्या मित्राने तर दोनशे केले, त्याला काही झाले नाही’ हा दाखला नव्या खात्यासाठी निरुपयोगी आहे. ज्या खात्यावर आधी ब्लॉक बसलेला आहे, त्याचीही सहनशीलता काही काळ कमी केलेली असावी, असाच अनेकांचा अनुभव आहे.

चौथे कारण बाहेरच्या अ‍ॅपचे, आणि हे सर्वांत महागात पडते. ‘आपल्याला कोणी अनफॉलो केले ते पाहा’, ‘रोज शंभर फॉलोअर मोफत’ अशी अ‍ॅप आपला इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागतात. मोफत फॉलोअर देणारी बहुतेक अ‍ॅप देवघेवीवर चालतात, म्हणजे आपल्याला शंभर फॉलोअर मिळावेत म्हणून आपल्या खात्यातून भलत्याच शेकडो लोकांना फॉलो केले जाते, आणि आपण झोपेत असतानाही ते चालू असते. ब्लॉक बसल्यावर माणूस शपथेवर सांगतो की मी काहीच केले नाही, आणि ते त्याच्यापुरते खरेही असते.

एक प्रकरण, दिवसवार

माझी भाची सोलापूरला खणाच्या पिशव्या आणि बटवे शिवते. तिने व्यवसायासाठी नवे खाते उघडले तो शनिवार होता. त्या दिवशी तिने चार पिशव्यांचे फोटो टाकले आणि घरच्या व ओळखीच्या वीसेक जणांना फॉलो केले; काही अडचण आली नाही. रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर ती साडेनऊच्या सुमारास फोन घेऊन बसली. खणाच्या साड्या विकणाऱ्या एका मोठ्या खात्याच्या फॉलोअरांची यादी उघडली आणि तेथूनच एकाखाली एक बटणे दाबत गेली. वीस-पंचवीस मिनिटांत ऐंशीच्या वर झाले. मग तिने एक कमेंट तयार केली, ‘खूपच छान, आमच्या खणाच्या पिशव्याही पाहा’, आणि ती चौदा ठिकाणी चिकटवली. पंधराव्या ठिकाणी Try Again Later ची चौकट आली.

येथवर घडले ते साधेच होते आणि बहुधा एका दिवसात निभावले असते. तिने मात्र लगेच दहा-बारा वेळा पुन्हा प्रयत्न केला. मग फॉलो करून पाहिले, तेही परत निळे. अ‍ॅप काढून पुन्हा टाकले, आईच्या फोनवरून त्याच खात्यात लॉगिन केले, एका व्हिडिओत सांगितले म्हणून व्हीपीएन लावून परदेशातल्या पत्त्यावरून प्रयत्न केला. रात्री साडेअकराला मला फोन आला: “मामा, माझं खातं हॅक झालंय का? आईला विचारलं तर तिला काहीच कळेना.” मी तिला म्हटले की फोन ठेव आणि झोप. तिने फोन ठेवला, पण झोपण्याऐवजी फॉलोअर वाढवून देणारे एक अ‍ॅप उतरवून त्यात इन्स्टाग्रामचा पासवर्ड भरला.

सोमवारी दिवसभर कमेंट आणि फॉलो दोन्ही बंदच होते. मंगळवारी दुपारी चौकटीचा मजकूर बदलला. त्यात आता लिहिले होते की तुमचे खाते ही कृती करण्यापासून तात्पुरते रोखले आहे, लाइक किंवा फॉलोअर मिळवून देणाऱ्या सेवेला खाते वापरायला देणे नियमांविरुद्ध आहे, आणि शेवटी This block will expire on यापुढे एक तारीख होती, बरोबर सात दिवसांनंतरची. तिच्या Following च्या यादीत तोवर तिने कधी न पाहिलेली, परक्या लिपीतल्या नावांची दीडशेहून अधिक खाती जमा झाली होती.

त्या रविवारी रात्री चौकट येण्याआधीच्या चुका आणि नंतरच्या चुका यांचा तोल पाहिला तर गोष्ट स्पष्ट होते. ऐंशी फॉलो आणि चौदा कमेंट यांनी ब्लॉक बसवला. आठवड्याची मुदत मात्र त्या अ‍ॅपने आणली.

ब्लॉक किती काळ टिकतो

चौकटीत तारीख नसेल, तर तो हलका ब्लॉक समजावा. पहिल्यांदाच, फक्त वेगामुळे किंवा एकसारख्या कमेंटमुळे बसलेला ब्लॉक काही तासांत ते एक-दोन दिवसांत सुटतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कमेंटचा ब्लॉक कधी कधी त्याच संध्याकाळी सुटतो. फॉलोचा चोवीस ते अठ्ठेचाळीस तास धरून चालावे. तो सुटल्याचा कोणताही निरोप येत नाही, बटण एके दिवशी निमूटपणे चालू लागते.

थोड्या दिवसांत दुसऱ्यांदा तसाच ब्लॉक बसला, तर तो पहिल्यापेक्षा लांबण्याची तयारी ठेवावी. तीन दिवस, आठवडा असे अनुभव लोक सांगतात. तारीख दिलेल्या ब्लॉकमध्ये अंदाजाला जागा नसते. तो बहुधा बाहेरच्या अ‍ॅपशी जोडलेला असतो आणि आठवड्यापासून महिन्यापर्यंतच्या मुदतीचा पाहायला मिळतो. ही तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहिलेली असते. 2024-05-07 म्हणजे 7 मे. तिला 5 जुलै समजून दोन महिने हळहळत बसलेला एक गृहस्थ मला माहीत आहे. त्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या बटण चालेलच असेही धरू नये, दिवस पूर्ण जाऊ द्यावा.

ब्लॉक असताना पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहिल्याने मुदत वाढते का, यावर मतभेद आहेत. माझा सल्ला असा की वाढते असेच समजून वागावे. दाबून पाहण्याने ती कमी झाल्याचे कोणी सांगत नाही, आणि अडवलेल्या दारावर मिनिटाला दहा धडका देणे हे पुन्हा यंत्रासारखेच वागणे आहे. दिवसातून एकदा, ठरावीक वेळी, एक बटण, एवढीच चाचणी करावी.

ब्लॉक बसल्यावर क्रमाने काय करावे

चौकटीचा स्क्रीनशॉट सर्वांत आधी काढावा. मजकूर नेमका काय होता आणि तारीख होती का, हे नंतर आठवत नाही, आणि पुढचे सर्व त्यावर अवलंबून असते. चौकटीत Tell us असे बटण असेल आणि आपण खरोखर काही गैर केलेले नसेल, तर ते एकदा दाबावे. त्यातून चूक झाली असल्याची नोंद जाते; बहुधा उत्तर येत नाही, म्हणून त्याची वाट पाहू नये आणि ते पुन्हा पुन्हा दाबू नये.

त्यानंतर सेटिंगमध्ये Account Status नावाचे पान पाहावे. खात्यावर एखादी मोठी कारवाई झालेली असेल, पोस्ट काढून टाकलेली असेल किंवा एखादी सोय वापरता येत नसेल, तर ती तेथे दिसते. वेगामुळे बसलेला छोटा ब्लॉक तेथे अनेकदा दिसतही नाही. पान स्वच्छ असेल तर ती चांगलीच खूण आहे, ब्लॉक खोटा असल्याचा पुरावा मात्र नव्हे. आशयामुळे पोस्ट काढली गेली असेल, तर ते वेगळे प्रकरण आहे आणि त्याची दाद त्याच पानावरून मागावी लागते.

आता बाहेरचे दरवाजे बंद करण्याचे काम. Accounts Center मध्ये Password and security उघडून Where you're logged in ही यादी वाचावी. आपला नसलेला फोन किंवा अनोळखी गाव तेथे दिसले, तर त्याला लॉग आउट करावे. गावाचे नाव थोडे इकडेतिकडे दिसू शकते, सोलापूरच्या माणसाला पुणे किंवा मुंबई दिसली तर दचकू नये, कारण मोबाइल कंपनीच्या जोडणीवरून ठिकाणाचा अंदाज बांधलेला असतो. फोनचे मॉडेल आणि वेळ पाहून ठरवावे. मग सेटिंगमध्येच Apps and websites ही यादी शोधून नको असलेली जोडणी काढून टाकावी. पण पासवर्ड घेऊन चालणारी अ‍ॅप या यादीत दिसतीलच असे नाही, कारण ती आपल्याच नावाने आत शिरलेली असतात. त्यांच्यावर एकच उपाय लागू पडतो, तो म्हणजे पासवर्ड बदलणे, बदलताना इतर सर्व ठिकाणांहून लॉग आउट करण्याचा पर्याय निवडणे, आणि लगेच दोन टप्प्यांची सुरक्षा चालू करणे. फोनमधून ते अ‍ॅप नुसते काढून टाकल्याने काहीही थांबत नाही. पासवर्ड त्यांच्याकडे असतोच.

भाचीने मंगळवारी संध्याकाळी हे सर्व केले. परकी दीडशे खाती तिला त्याच क्षणी अनफॉलो करायची होती, पण मी थांबवले. अनफॉलोही मोजले जाते, आणि ब्लॉक चालू असताना ते घाऊक करणे म्हणजे आगीत तेल.

व्हीपीएन, दुसरा फोन, अ‍ॅप काढून पुन्हा टाकणे, खाते व्यावसायिक प्रकारातून वैयक्तिक प्रकारात नेणे, हे उपाय अनेक ठिकाणी सांगितलेले सापडतात. ब्लॉक खात्यावर असतो, फोनवर नसतो, म्हणून फोन बदलून तो सुटत नाही. व्हीपीएनने तर सोलापुरातले खाते दहा मिनिटांत परदेशातून उघडल्यासारखे दिसते, आणि संशयात भरच पडते. एकच गोष्ट बदलून पाहण्यासारखी आहे. वसतिगृह, कार्यालय किंवा दुकान अशा ठिकाणी एकाच वाय-फायवरून अनेक जण अनेक खाती चालवत असतील, तर आपण काही दिवस स्वतःच्या मोबाइल डेटावर यावे.

मुदत संपेपर्यंत बंद नसलेली कामे शांतपणे करता येतात. प्रोफाइल फोटो आणि परिचय भरणे, ईमेल व फोन नंबरची खातरजमा करणे, दोन-चार चांगल्या पोस्ट टाकणे, आलेल्या निरोपांना उत्तरे देणे, यांमुळे खाते कोरे राहत नाही. भाचीने त्या आठवड्यात पिशवीच्या काठाची शिलाई दाखवणारे एक रील टाकले, आणि त्यावर आलेल्या चौकश्यांना निरोपांतून उत्तरे दिली.

ब्लॉक सुटल्यावर

मुदत संपली की साचलेले सर्व एकदम करण्याची इच्छा होते, आणि दुसरा ब्लॉक बहुतेक वेळा याच दिवशी बसतो. खालचे आकडे माझे स्वतःचे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत. पहिल्या दिवशी पाच-सहा लाइक आणि दोन-तीन फॉलो, तेही दिवसभरात विखुरलेले. पुढचे तीन-चार दिवस बैठकीला पाच-सात आणि दिवसाला पंधरा-वीस फॉलोंच्या पुढे जाऊ नये. नव्या खात्याने पहिला महिना याच पट्टीत राहिले तर फारशी अडचण येत नाही. फॉलो करण्याआधी खाते उघडून पाहावे. त्याने वेग आपोआप उतरतो आणि नको ती खातीही टळतात.

कमेंट प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहावी, आणि ती त्या पोस्टबद्दल असावी. ‘खूप सुंदर’ ऐवजी ‘हा जांभळा खण गुळेदगुड्डचा आहे का?’ असे विचारले तर मजकूर एकसारखा राहूच शकत नाही. टॅग करायला लावणाऱ्या स्पर्धेत भाग घ्यायचाच असेल, तर दिवसाला तीन-चार कमेंटवर थांबावे. आपल्या दुकानाचा पत्ता किंवा दुवा परक्या पोस्टखाली चिकटवू नये. तो आपल्या प्रोफाइलवर असू द्यावा.

अनफॉलोचे काम सर्वांत शेवटी, आणि हप्त्याहप्त्याने. दिलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी भाचीने एका कारागिराला फॉलो केले, बटण राखाडी झाले आणि राखाडीच राहिले. त्यानंतर रोज रात्री दहा अशा हिशेबाने परकी खाती कमी करत गेल्यावर दीडशे उतरायला पंधरा-सोळा दिवस लागले. मध्ये एकदा तिने पंचवीस केले, तेव्हा बटण दोनदा मागे फिरले; चौकट येण्याआधीच तिने फोन बाजूला ठेवला, दोन दिवस काहीही केले नाही, आणि पुन्हा दहावर आली.

तारीख उलटून दोन-तीन दिवस झाले तरी कृती बंदच असेल, तर आधी पासवर्ड बदलल्यानंतरही Following ची संख्या आपोआप वाढते आहे का, हे दोन रात्री लिहून ठेवून पाहावे. वाढत असेल तर कोणीतरी अजून आत आहे, आणि वरची दरवाजे बंद करण्याची पायरी पुन्हा करावी लागेल. या वेळी खात्याला जोडलेल्या ईमेलचा पासवर्डही बदलावा. संख्या स्थिर असेल, तर अ‍ॅपमधल्या Help विभागातून Report a Problem निवडून, जपून ठेवलेला स्क्रीनशॉट आणि त्यातली तारीख जोडून अडचण कळवावी.